प्रश्नातला ‘नाही’ सुटला की नेमका उलटा पर्याय का निवडला जातो?

स्पर्धा परीक्षेची उत्तरतालिका जाहीर झाली की उमेदवार प्रश्नपत्रिका समोर ठेवून गुण मोजायला बसतात. चुकलेल्या प्रश्नांमध्ये दोन-चार प्रश्न असे निघतात, की ज्यांचं उत्तर त्यांना पक्कं ठाऊक होतं. पुस्तकातलं पानही आठवत असतं. तरी उत्तर चुकलेलं असतं, कारण प्रश्न होता ‘कोणते विधान बरोबर नाही’ आणि त्यांनी शोधलं ते बरोबर असलेलं विधान. यालाच ‘सिली मिस्टेक’ म्हणून सोडून दिलं जातं. पण ही चूक वाटते तितकी अंदाधुंद नाही. ती ठरावीक जागी होते, ठरावीक पर्यायाकडे नेते, आणि अभ्यास चांगला असलेल्या उमेदवाराला ती जास्त महागात पडते.

आधी एक साधा नमुना पाहू.

खालीलपैकी कोणती नदी गोदावरीची उपनदी नाही?
(१) प्रवरा
(२) सिंदफणा
(३) भीमा
(४) मांजरा

उत्तर भीमा, कारण ती कृष्णेला मिळते. बाकी तिन्ही गोदावरीच्या उपनद्या आहेत. आता ‘नाही’ सुटलेला उमेदवार काय करतो ते पाहा. त्याच्या डोक्यात प्रश्न आहे, ‘कोणती नदी गोदावरीची उपनदी आहे?’ पहिलाच पर्याय प्रवरा. अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या बाजूने येऊन गोदावरीला मिळणारी ही नदी त्याला नीट माहीत आहे. उत्तर सापडलं. तो गोळा काळा करतो आणि पुढच्या प्रश्नाकडे जातो. भीमेपर्यंत तो पोहोचतच नाही.

ज्याला या विषयातलं काहीच येत नाही, त्याने डोळे मिटून गोळा रंगवला तरी चारात एक वेळ उत्तर बरोबर येण्याची शक्यता असते. ज्याला चारही नद्या पाठ आहेत पण ‘नाही’ दिसला नाही, त्याची बरोबर येण्याची शक्यता शून्य. भीमेवर नजर गेलीच, तर तो ती जाणीवपूर्वक बाद करतो: ‘ही तर कृष्णेची.’ म्हणजे बरोबर उत्तर त्याच्या हातात येतं आणि तो ते स्वतःहून खाली ठेवतो. उलटा पर्याय निवडला जाण्याचं मूळ इथे आहे. माहिती बिनचूक वापरली जाते, फक्त ती उलट्या दिशेने लावली जाते.

राज्यसेवा पूर्व परीक्षेच्या सामान्य अध्ययन पेपरच्या हिशोबाने बघायचं तर एका प्रश्नाला २ गुण आणि चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा एक चतुर्थांश, म्हणजे अर्धा गुण वजा. अंदाजाने गोळे रंगवणाऱ्याला अशा प्रश्नांवर सरासरी एक अष्टमांश गुण मिळतो: चारातल्या एका वेळी २ गुण, उरलेल्या तीन वेळा अर्धा-अर्धा वजा. ‘नाही’ सुटलेला जाणकार मात्र प्रत्येक वेळी उणे अर्ध्यावर राहतो. त्याला मिळायला हवे होते ते २ गुण धरले, तर एका शब्दापायी अडीच गुणांचा फरक पडतो. नीटमध्ये बरोबर उत्तराला ४ आणि चुकीला उणे १, म्हणजे तिथे हाच फरक ५ गुणांचा.

डोळा प्रत्येक शब्दावर थांबत नाही

वाचताना नजर ओळीवरून सरकत जात नाही, ती उड्या मारते. एका जागी क्षणभर थांबते, मग पुढे उडी. इंग्रजी वाचणाऱ्यांच्या डोळ्यांच्या हालचाली मोजणाऱ्या अभ्यासांत असं आढळलं आहे, की नाम, क्रियापद यांसारख्या अर्थाने भरलेल्या शब्दांवर नजर सुमारे ८५ टक्के वेळा थांबते, तर वाक्य जोडणाऱ्या छोट्या शब्दांवर साधारण ३५ टक्के वेळाच. उरलेले शब्द वाचणारा आजूबाजूच्या मजकुरावरून आणि नजरेच्या कडेला दिसणाऱ्या आकारावरून भरून काढतो. रोजच्या वाचनात हे उत्तम चालतं, कारण पुढे काय येणार याचा अंदाज बहुतेक वेळा खरा ठरतो.

परीक्षेत हा अंदाज कशावर बांधलेला असतो? आधीच्या पन्नास प्रश्नांवर. ‘खालीलपैकी कोणती नदी गोदावरीची उपनदी…’ इतकं वाचलं की वाक्य मनात पूर्ण झालेलं असतं. पुढे ‘आहे’ येणार हे गृहीतच. आणि मराठीत गंमत अशी, की ‘आहे’ आणि ‘नाही’ एकाच खुर्चीवर बसतात: वाक्याच्या अगदी शेवटी, प्रश्नचिन्हाच्या अलीकडे. इंग्रजीतला ‘नॉट’ मुद्द्याच्या शब्दाआधी येतो, म्हणजे वाचणाऱ्याला निदान आधी बजावतो. मराठीतला ‘नाही’ सगळं सांगून झाल्यावर येतो. तोपर्यंत घाईतल्या उमेदवाराची नजर पर्याय क्रमांक १ वर उतरलेली असते.

त्यात आयोगाच्या प्रश्नपत्रिकेतली एक जुनी खोड भर घालते. एकवचन की अनेकवचन हे उत्तरातून फुटू नये म्हणून प्रश्न असा लिहितात: ‘खालीलपैकी कोणते/ती विधान/ने बरोबर आहे/त?’ हेतू रास्त आहे, पण अशी तिरक्या रेघांची शेपटं शेकडो वेळा पाहिल्यावर डोळा त्यांना मजकूर मानेनासा होतो. प्रश्नाचा शेवट म्हणजे वगळण्याचा भाग, अशी सवय लागते. आणि नेमक्या त्याच भागात एखाद्या दिवशी ‘नाही/त’ लिहिलेलं असतं.

‘अ’ ने सुरू होणारे शब्द हे याहून अवघड प्रकरण. ‘अयोग्य’, ‘असत्य’ म्हणजे चुकीचे. ‘अचूक’ मात्र बरोबर. ‘अचूक विधान ओळखा’ आणि ‘चूक विधान ओळखा’ या दोन सूचनांत एका अक्षराचा फरक, आणि इथे ‘अ’ नकाराचा असूनही एकूण अर्थ होकाराचा. ‘योग्य’ व ‘अयोग्य’ या जोडीची सवय झालेल्या डोळ्याला ‘अ’ दिसला की नकार, असं वाटू लागतं, किंवा उलट, ‘अ’ दिसतच नाही. ‘अचूक’मधलं ‘चूक’ पाहून चुकीचं विधान शोधणारे उमेदवारही असतात. त्यांच्या बाबतीत चूक त्याच वळणाची, फक्त उलट दिशेने घडते.

‘वगळता’, ‘खेरीज’, ‘सोडून’, ‘व्यतिरिक्त’ हे शब्द लांबीने मोठे आणि वाक्याच्या मध्ये येतात, त्यामुळे ते नजरेतून कमी सुटावेत असं वाटतं. पण ‘पुढीलपैकी एक वगळता बाकी सर्व गोदावरीच्या उपनद्या आहेत, तो पर्याय कोणता?’ या वाक्यात ‘सर्व गोदावरीच्या उपनद्या आहेत’ हा तुकडा इतका ठळक वाजतो, की ‘वगळता’ वाचूनही मनात त्याचा ठसा उमटत नाही. शब्द मोठा असून भागत नाही, कारण वाक्याचा होकारी भाग त्याच्याहून मोठा असतो.

शब्द दिसला, तरी नकार पोहोचायला वेळ लागतो

सगळा दोष नजरेच्या उड्यांवर टाकता येत नाही. ‘नाही’ दिसला तरी मेंदू तो लगेच हिशोबात धरतोच असं नाही. याबद्दलचा एक प्रसिद्ध प्रयोग इरा फिशलर आणि सहकाऱ्यांनी १९८३ साली प्रसिद्ध केला. लोकांना साधी वाक्यं दाखवली गेली. वाक्यांचे चार प्रकार होते: रॉबिन पक्षी आहे, रॉबिन पक्षी नाही, रॉबिन वाहन आहे, रॉबिन वाहन नाही. वाचताना त्यांच्या मेंदूतले विद्युत् संकेत डोक्यावर लावलेल्या पट्ट्यांनी टिपले.

अर्थाशी न जुळणारा शब्द समोर आला की तो दिसल्यानंतर सुमारे ४०० मिलिसेकंदांनी या आलेखात एक ओळखीची लाट उठते. ‘रॉबिन वाहन आहे’ याला ती उठावी हे उघड आहे. पण ‘रॉबिन वाहन नाही’ या पूर्णपणे खऱ्या वाक्यालाही ती तशीच उठली. आणि ‘रॉबिन पक्षी नाही’ या धडधडीत खोट्या वाक्याला मात्र ती उठली नाही. म्हणजे त्या पहिल्या अर्ध्या सेकंदात मेंदू वाक्य खरं की खोटं हे पाहत नव्हता. तो फक्त इतकंच पाहत होता, की रॉबिन आणि पक्षी हे दोन शब्द एकमेकांच्या ओळखीचे आहेत का. नकाराचा हिशोब त्यानंतर झाला. प्रयोगातल्या लोकांनी वाक्य खरं की खोटं हे शेवटी बहुतांशी बरोबर सांगितलं, पण त्यासाठी एक जादा पाऊल लागलं.

हे वाक्य इंग्रजीत होतं, म्हणजे नकार मुद्द्याच्या शब्दाच्या आधीच येऊन गेला होता. तरी ही गत. मराठीत ‘गोदावरी’ आणि ‘उपनदी’ हे शब्द जुळतात तेव्हा ‘नाही’ अजून यायचाच असतो.

नकारी वाक्य तपासायला होकारीपेक्षा जास्त वेळ लागतो, हे पीटर वेसन यांनी १९५९ पासूनच्या प्रयोगांत दाखवलं होतं. हर्बर्ट क्लार्क आणि विल्यम चेस यांनी १९७२ साली ते चित्र आणि वाक्य यांच्या जुळणीतून मोजलं. ‘चांदणी अधिकच्या चिन्हाच्या वर आहे’ हे वाक्य चित्राशी ताडायला लोकांना जितका वेळ लागे, त्याहून ‘चांदणी अधिकच्या चिन्हाच्या वर नाही’ हे ताडायला जास्त लागे. त्यांचं स्पष्टीकरण असं, की लोक आधी होकारी गाभा ताडून पाहतात आणि मग उत्तर उलटं करतात. परीक्षेतली चूक म्हणजे हे शेवटचं उलटं करणं राहून जाणं.

इथे एक मर्यादा सांगायला हवी, कारण या प्रयोगांवरून ‘मेंदूला नकार कळतच नाही’ असली विधानं सर्रास केली जातात. ती खोटी आहेत. मांते न्यूलंड आणि जिना कुपरबर्ग यांनी २००८ साली दाखवलं, की नकाराला संदर्भ असला तर तो मेंदू लगोलग जमेस धरतो. योग्य साधनं असतील तर पाण्याखाली पोहणं फारसं धोक्याचं नाही, अशा धर्तीचं वाक्य वाचताना लोकांना काही अडत नाही, कारण ते धोक्याचं आहे असा समज आधीपासून असतो आणि ‘नाही’ त्या समजाला उत्तर देतो. ‘आज दूधवाला आला नाही’ हे वाक्य कोणी चुकीचं ऐकत नाही, कारण तो येतो हे गृहीत असतं. ‘मांजरा गोदावरीची उपनदी नाही’ असं कोणी सहज बोलताना म्हणत नाही. तसा समज कोणी मांडलेलाच नसतो. परीक्षेतला नकार हा संदर्भ नसलेला, हवेतून आलेला नकार असतो, आणि असा नकारच सर्वांत जड जातो.

याच कारणाने शाळेतल्या ‘गटात न बसणारा शब्द ओळखा’ या प्रश्नात हा घोटाळा जवळजवळ होत नाही. तिथेही ‘न’ आहेच. पण तिथे प्रश्नाचा सगळा अर्थच वेगळेपण शोधण्याचा आहे. ‘न’ काढून टाकला तर प्रश्न निरर्थक होतो, कारण गटात बसणारे तर तीन आहेत. उपनदीच्या प्रश्नातून ‘नाही’ काढला तरी एक नेटका, नेहमीच्या धाटणीचा प्रश्न उरतो, आणि तोच वाचला जातो.

दोन बरोबर उत्तरं दिसली की घंटा वाजते, पण ती ऐकायला थांबावं लागतं

‘नाही’ सुटला तरी प्रश्न स्वतःच इशारा देतो. चारपैकी तीन पर्याय बरोबर ठरतात, आणि एकाच उत्तराच्या परीक्षेत तसं होऊ शकत नाही. प्रवरा बरोबर, सिंदफणाही बरोबर, मग उत्तर कोणतं? इतकं जरी झालं, तरी उमेदवार परत प्रश्नाकडे वळतो आणि ‘नाही’ सापडतो.

पण चारही पर्याय वाचले तरच हा इशारा मिळतो. पहिलं बरोबर वाटलेलं उत्तर मिळताच थांबण्याची सवय असेल, तर घंटा वाजण्याआधीच तो निघून गेलेला असतो. राज्यसेवेच्या या पेपरात १०० प्रश्नांना २ तास, म्हणजे प्रश्नाला ७२ सेकंद. गट ब आणि गट क यांच्या संयुक्त पूर्व परीक्षेत १०० प्रश्नांना १ तास, म्हणजे ३६ सेकंद. ३६ सेकंदांत प्रश्न, चार पर्याय आणि गोळा रंगवणं बसवायचं असेल, तर पहिल्या खात्रीच्या उत्तरावर थांबणं हा आळस नाही, तो वेळेचा हिशोब आहे. खात्री जितकी पक्की, तितकं थांबणं लवकर. जाणकार यात जास्त अडकतो तो यामुळेच. अर्धवट माहिती असलेला उमेदवार चारही पर्याय चाचपत बसतो आणि त्या चाचपण्यात त्याला विसंगती दिसते.

सुटलेला पर्याय शेवटचा असेल तर परिस्थिती सर्वांत वाईट. भीमा चौथ्या क्रमांकावर असती, तर ती वाचली जाण्याची शक्यता आणखी कमी.

विधानांचे प्रश्न: इथे घंटाच नाही

आता खरा फसवा प्रकार. अलीकडच्या राज्यसेवा आणि संघ लोकसेवा आयोगाच्या पेपरांत चार सुट्या पर्यायांऐवजी विधानं देऊन त्यांचे गट पर्याय म्हणून देण्याची पद्धत भरपूर वापरली जाते. उदाहरणार्थ:

राज्यसभेबाबत खालीलपैकी कोणती विधाने अयोग्य आहेत?
(अ) राज्यसभा विसर्जित होत नाही.
(ब) राज्यसभा सदस्याची मुदत ५ वर्षे असते.
(क) दर दोन वर्षांनी साधारण एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात.
(ड) धन विधेयक राज्यसभेत मांडता येते.

पर्याय: (१) फक्त अ आणि क (२) फक्त ब आणि ड (३) फक्त अ आणि ब (४) फक्त क आणि ड

मुदत ६ वर्षांची असते आणि धन विधेयक फक्त लोकसभेतच मांडता येतं, म्हणून ब आणि ड अयोग्य. उत्तर पर्याय २. ‘अयोग्य’ ऐवजी ‘योग्य’ वाचणाऱ्याने चारही विधानं तपासली, एकही चुकवलं नाही, अ आणि क बरोबर ठरवली, आणि पर्यायांत पाहिलं तर ‘फक्त अ आणि क’ समोर हजर. तोही पहिल्याच क्रमांकावर. नदीच्या प्रश्नात तीन उत्तरं बरोबर दिसून निदान गोंधळ तरी होत होता. इथे सगळं चोख जुळतं. शंका येण्याला जागाच नाही. उमेदवार परीक्षा हॉलमधून बाहेर येताना हा प्रश्न बरोबर आल्याच्या यादीत धरतो.

तो उलटा पर्याय तिथे योगायोगाने आलेला नसतो. प्रश्न काढणाऱ्याला चार गट बनवायचे असतात. चार विधानांपैकी दोन योग्य, दोन अयोग्य असतील तर योग्य उत्तराचा आरसा, म्हणजे उरलेल्या दोघांचा गट, हा पर्याय आपसूक सुचतो. तो दिला नाही तर पर्याय लंगडे दिसतात. शेवटचा पर्याय ‘वरीलपैकी एकही नाही’ असेल तर त्याचाही आरसा ‘वरील सर्व’ हा असतोच. विधानं सगळी योग्य आणि प्रश्न अयोग्य विधानांचा, अशा वेळी जाणकार ठामपणे ‘वरील सर्व’ रंगवतो.

या नमुन्यात आणखी एक गाठ आहे. विधान अ मध्येच ‘होत नाही’ आहे. ते खरं आहे, म्हणजे नकारी वाक्य बरोबर, आणि प्रश्न विचारतो अयोग्य कोणतं. ‘विसर्जित होत नाही हे अयोग्य आहे का? नाही.’ तीन नकारांची ही साखळी डोक्यात धरताना एखादा दुवा निसटणं अगदी सोपं. इथे ‘अयोग्य’ शब्द नीट वाचलेला उमेदवारही चुकू शकतो.

वाचताना सुटला की धरताना सुटला?

म्हणून ही एक चूक नसून दोन वेगळ्या चुका आहेत, आणि त्या ओळखायला प्रश्नपत्रिकेवरच्या खुणा पुरतात.

पहिलीत ‘नाही’ वाचलाच गेलेला नसतो. खूण अशी: पहिल्या किंवा दुसऱ्या पर्यायावर एकच बरोबरची खूण, बाकीचे पर्याय कोरे. उमेदवार तिथेच थांबला.

दुसरीत ‘नाही’ वाचलेला असतो, कधीकधी त्याखाली रेघही मारलेली असते. मग चारही विधानांपुढे योग्य-अयोग्याच्या खुणा असतात, त्याही बिनचूक. आणि उत्तर तरी उलटं. इथे चूक शेवटच्या पावलाला झाली. चार विधानं आठवून तपासण्यात तीस-चाळीस सेकंद गेले, तेवढ्यात मूळ काम काय होतं ते विस्मरणात गेलं. मराठीतला ‘बरोबर’ हा शब्दही घात करतो, कारण विधानही बरोबर असतं आणि उत्तरही बरोबर असतं. पर्यायापुढे टिकमार्क केली की हात त्याच पर्यायाचा गोळा शोधतो. अयोग्य विधान हेच बरोबर उत्तर, ही गोष्ट बोलतानाही अडखळायला लावते.

‘नाही’खाली रेघ मारा हा क्लासमधला नेहमीचा सल्ला पहिल्या चुकीवर चालतो, दुसऱ्यावर फारसा नाही. रेघ प्रश्नाजवळ असते आणि चूक पर्यायांजवळ होते. दुसऱ्या चुकीवर उपाय पर्यायांच्या बाजूलाच करावा लागतो: विधानं तपासण्याआधी पर्यायांच्या शेजारी ‘चुकीचे शोध’ किंवा नुसता ‘चु’ लिहून ठेवायचा, आणि टिकमार्क-फुलीऐवजी विधानांपुढे ‘ख’ आणि ‘खो’ अशी अक्षरं घालायची. खरं-खोटं ही विधानाची गोष्ट, बरोबर-चूक ही उत्तराची. दोन्हींना एकच खूण वापरली नाही की निम्मा गोंधळ मिटतो. एकेका पर्यायाच्या प्रश्नात तर अशी अक्षरं घातल्यावर तीन सारखी आणि एक वेगळं दिसतं, आणि मूळ प्रश्न विसरला तरी वेगळं दिसणारं अक्षर उत्तर सांगून जातं. विधानांच्या प्रश्नात ही सोय नाही, कारण तिथे दोन-दोन अशी समान वाटणी असू शकते. ‘चु’ तिथे लिहावाच लागतो. संगणकावरच्या परीक्षेत पडद्यावर रेघ मारता येत नाही, तेव्हा कच्च्या कागदावर प्रश्नक्रमांक आणि ‘चु’ इतकं पुरतं.

मग असे प्रश्न काढतातच का?

बहुपर्यायी प्रश्न कसे लिहावेत यावर थॉमस हॅलाडीना, स्टीव्हन डाउनिंग आणि मायकल रॉड्रिगेझ यांनी २००२ साली नियमांचा मोठा आढावा घेतला. त्यात प्रश्न शक्यतो होकारी ठेवावा आणि नकार वापरावाच लागला तर तो मोठ्या लिपीतल्या अक्षरांत आणि ठळक टाइपात छापावा, असा नियम आहे. इंग्रजीत ‘नॉट’ आणि ‘एक्सेप्ट’ म्हणूनच तसे ठसठशीत दिसतात. देवनागरीत मोठी आणि छोटी लिपी असा भेदच नाही. ठळक टाइप किंवा अधोरेखा, एवढीच साधनं उरतात, आणि छपाईत ती राहून गेली की मराठी ‘नाही’ इंग्रजी ‘नॉट’पेक्षा खूपच जास्त लपतो. दोन्ही भाषांत छापलेल्या पेपरात शंका आल्यास इंग्रजी प्रश्नावर नजर टाकण्याची काही उमेदवारांची सवय या एका कारणापुरती तरी शहाणपणाची आहे.

नियम माहीत असूनही नकारी प्रश्न येतात, त्याचं कारण बरंचसं सोयीचं आहे. होकारी प्रश्नाला एक खरा आणि तीन पटण्याजोगे खोटे पर्याय लागतात. गोदावरीची एक उपनदी आणि गोदावरीच्या वाटतील अशा तीन परक्या नद्या शोधणं कष्टाचं. उलट तीन खऱ्या उपनद्या पुस्तकाच्या एकाच परिच्छेदात मिळतात, खोटी एकच शोधावी लागते. हाच प्रश्न ‘भीमा ही कोणत्या नदीची उपनदी आहे?’ असा विचारून गोदावरी, कृष्णा, तापी, नर्मदा असे पर्याय देता आले असते. त्यात एकाच नदीची माहिती तपासली जाते हे खरं, पण जे तपासलं जातं ते भूगोलाचं ज्ञान असतं.

काही ठिकाणी मात्र नकार काढून टाकणं चुकीचं ठरेल. ‘साप चावल्यावर पुढीलपैकी कोणती गोष्ट करू नये?’ या प्रश्नात जखमेला चिरा न देणं हेच शिकवायचं असतं. तिथे नकार हा प्रश्नाच्या रचनेतला डाव नाही, तो ज्ञानाचाच भाग आहे. आणि ‘करू नये’ हे शब्द रोजच्या बोलण्यात त्याच अर्थाने येत असल्याने ते क्वचितच सुटतात.

प्रश्न फसवा निघाला की नाही हे परीक्षेनंतर शोधता येतं. त्यासाठी सर्वाधिक गुणांचे सुमारे २७ टक्के आणि सर्वांत कमी गुणांचे तितकेच उमेदवार घेऊन दोन्ही गटांनी कोणता पर्याय किती वेळा निवडला ते पाहतात. चांगल्या प्रश्नात वरचा गट योग्य उत्तराकडे वळलेला दिसतो. वरच्या गटातले बरेच जण एकाच चुकीच्या पर्यायावर जमलेले असतील आणि तो पर्याय योग्य उत्तराचा आरसा असेल, तर तो प्रश्न राज्यसभा किती येते हे मोजत नव्हता, ‘अ’ दिसला की नाही हे मोजत होता. खालच्या गटाची उत्तरं अशा वेळी चारही पर्यायांत विखुरलेली असतात, आणि कधीकधी योग्य उत्तर देणाऱ्यांचं प्रमाण वरच्या गटापेक्षा त्यांच्यातच जास्त निघतं.